पाटीमागचा मालक

1996 साली दिल्लीच्या बसंत लोकमध्ये आणि मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्सची भारतातली पहिली दुकानं उघडली. पाटी एक, गणवेश एक, बर्गरचा कागदही एकच. मुंबईचं दुकान मात्र अमित जटिया यांच्या हार्डकॅसल रेस्टॉरंट्सकडे होतं आणि दिल्लीचं विक्रम बक्षी यांच्या कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्सकडे. दोघांचीही मूळ अमेरिकी कंपनीशी निम्म्या-निम्म्या हिश्शाची भागीदारी होती. पश्चिम आणि दक्षिण भारत एकाकडे, उत्तर आणि पूर्व दुसऱ्याकडे, अशी देशाची वाटणी झाली होती. पुढे जटियांनी कंपनीचा हिस्सा विकत घेतला आणि ते परवानाधारक म्हणून दुकानं चालवू लागले. म्हणजे पश्चिमेत मालकी बदलली, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचा मागमूसही लागला नाही.

पाटीमागे कोण आहे हे कळायला हवं, याची जाणीव सर्वसामान्य गिऱ्हाइकाला झाली ती 2017 मध्ये. बक्षी आणि कंपनी यांचं भांडण 2013 पासून कोर्टकचेरीत होतं. जून 2017 मध्ये दिल्लीतली 43 दुकानं बंद झाली, कारण खानावळीच्या परवान्यांचं नूतनीकरण झालेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कंपनीने उत्तर आणि पूर्व भारतातल्या 169 दुकानांचा करारच रद्द केला. तरीही त्यातली बरीच दुकानं त्याच पाटीखाली चालूच राहिली. त्या काळात ज्याने दिल्लीत बर्गर घेतला, त्याने नाव वापरायचा हक्क काढून घेतलेल्या दुकानातून तो घेतला, आणि दुकानाकडे बघून हे कळायची काही सोय नव्हती. 2019 मध्ये समझोता होऊन बक्षी बाहेर पडले, 2020 मध्ये संजीव अगरवाल यांच्या एमएमजी समूहाकडे ती दुकानं गेली. या सगळ्या काळात महाराष्ट्रातल्या दुकानांना या वादाची झळ लागण्याचं कारणच नव्हतं, कारण ती मुळात दुसऱ्याची होती.

ग्राहक चळवळीच्या टेबलाशी तक्रार घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा ब्रँडचं नाव सांगतो. पुढचा सगळा पत्रव्यवहार मात्र बिल कोणी दिलं यावर उभा राहतो. चुकीच्या नावाने नोटीस गेली की महिन्याभराने उत्तर येतं, ‘सदर दुकान आमच्या मालकीचे नाही.’ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा मालक शोधण्याची रीत कशी बदलत गेली, ते इथे नोंदवून ठेवावंसं वाटतं, कारण आता ती खरोखरच कोणाच्याही हातात आली आहे.

नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं भरवशाचा कागद एकच होता, तो म्हणजे गल्ल्याच्या मागे काचेच्या चौकटीत टांगलेला गुमास्ता परवाना. दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या या दाखल्यावर मालकाचं नाव असायचं. अडचण अशी, की तो गल्ल्याच्या आतल्या बाजूला, उंचावर आणि बहुधा धूळ खात असायचा. तो वाचायचा तर दुकानात जावं लागे आणि दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या सोसाव्या लागत. 2017 च्या नव्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देणं पुरेसं झालं, त्यामुळे अशा दुकानांत तो दाखलाही उरला नाही.

1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात व्हॅट आला आणि बिलावर अकरा आकडी टिन छापला जाऊ लागला. त्याची सुरुवात 27 ने, शेवटी V. मात्र तो नुसता पाहून मालक कंपनी आहे की एकटा माणूस, हे समजत नसे. जिम, सलून, क्लास अशा सेवा देणाऱ्यांच्या बिलावर मात्र सेवा कराचा क्रमांक असायचा आणि तो पॅनवरच बेतलेला होता. ज्यांच्या हे लक्षात आलं त्यांना मालकाचा प्रकार तेव्हाही ओळखता येत असे. फार थोड्यांच्या लक्षात आलं.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ही किल्ली प्रत्येक करपात्र बिलावर छापली जाऊ लागली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे नोंदणी करणाऱ्याचा पॅन, जसाच्या तसा. तेरावं अक्षर त्या राज्यात त्याच पॅनवर किती नोंदण्या आहेत त्यासाठीचं, चौदावं बहुधा Z, आणि पंधरावं पडताळणीचं. पॅनच्या चौथ्या अक्षरात मालकाचा प्रकार असतो: कंपनी असेल तर C, भागीदारी संस्था असेल तर F, एकटा माणूस असेल तर P, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर H. जीएसटी क्रमांकात हेच अक्षर सहाव्या जागी येतं. पाचवं अक्षर, म्हणजे बिलावरचं सातवं, हे कंपनीच्या नावाचं किंवा माणसाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. नाव नंतर बदललं असलं तरी ते अक्षर जुन्याचंच राहतं, एवढं सांभाळून घ्यायचं.

समजा एकाच साखळीच्या दोन शाखांची बिलं समोर आहेत. क्रमांक अर्थातच समजावण्यापुरते रचलेले:

```
27AAACX0000A1Z0
27AAAFK0000B1Z0
```

पहिल्यावर सहाव्या जागी C आहे, म्हणजे ती कंपनी. दुसऱ्यावर F, म्हणजे भागीदारी, आणि नावाची सुरुवात K ने. पाट्या कितीही सारख्या असोत, ही दोन दुकानं दोन मालकांची आहेत. उलट दोन्ही बिलांवरचा मधला दहा अक्षरी तुकडा तंतोतंत जुळला, तर मालक एकच. डॉमिनोजची भारतातली दुकानं ज्युबिलंट फूडवर्क्स ही एकच कंपनी चालवते. तिथे नागपूरचं आणि कोल्हापूरचं बिल शेजारी ठेवलं तर पॅन एकच दिसायला हवा.

C दिसला की ब्रँडचीच कंपनी, असं मात्र धरून चालू नये. फ्रँचायझी घेणारे बरेच जण आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढूनच दुकान घेतात. तेव्हा पुढची पायरी जीएसटीच्या पोर्टलची. `services.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये क्रमांक टाकला की लॉगिन न करता नोंदणीकृत नाव, व्यापारी नाव, मालकीचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे सगळं दिसतं. व्यापारी नावाच्या रकान्यात ब्रँडचं नाव असू शकतं, त्याने फसू नये. `Legal Name of Business` हा रकाना खरा.

यातली तारीख किती कामाची ठरते ते एका जिमच्या तक्रारीत दिसलं. पुण्याच्या उपनगरातली एका साखळीतली शाखा. एका बाईंनी वर्षाची फी भरली, वर्ष संपायच्या आधीच सवलत आहे म्हणून पुढच्या वर्षाचीही भरली. तीन महिन्यांनी शाखेला कुलूप लागलं. त्यांनी मुख्य कार्यालयाला लिहिलं, तर तिथून उत्तर आलं की ती फ्रँचायझी होती, पैसे त्यांच्याकडे मागा. शाखेच्या व्यवस्थापकाने फोनवर सांगितलं की आधीचे मालक वेगळे होते. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. बाईंकडे दोन्ही पावत्या होत्या. पहिल्या पावतीवर सहाव्या जागी P, दुसरीवर F. पोर्टलवर पाहिलं तर पहिला क्रमांक एका व्यक्तीच्या नावावर होता आणि रद्द झालेला होता. दुसरा एका भागीदारी संस्थेचा होता आणि त्याची नोंदणी पहिला रद्द होण्याच्या जेमतेम आधीची होती. म्हणजे शाखा मधल्या काळात विकली गेली होती, आणि बुडालेली रक्कम प्रामुख्याने दुसऱ्या मालकाने घेतलेली होती. नोटीस त्या भागीदारी संस्थेला गेली, सोबत ब्रँडच्या कंपनीलाही. माझं मत असं, की अशा वेळी दोघांनाही सामनेवाले करावं: पैसे एकाने घेतले, पण ते दिले गेले दुसऱ्याच्या नावावर विश्वास ठेवून. कंपनीने शेवटी बाईंना दुसऱ्या शाखेत उरलेली मुदत दिली. नोटीस आधीच्या मालकाला गेली असती तर हे घडलं नसतं.

पावती नसेल तर? दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीवर, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय बिल देण्याची सक्ती नाही, म्हणून मागावं. तेही हुकलं असेल तर दुकानाच्या दारातच बघावं. जीएसटीच्या नियम 18 प्रमाणे क्रमांक प्रवेशद्वाराच्या पाटीवर आणि नोंदणी प्रमाणपत्र आत ठळक जागी लावलेलं असायला हवं. प्रमाणपत्राला दोन जोडपत्रं असतात. पहिल्यात त्याच नोंदणीखालच्या इतर जागा, दुसऱ्यात मालक, भागीदार किंवा संचालक यांची नावं. बरेच जण फक्त पहिलं पान चौकटीत लावतात, पण ती जोडपत्रं बघायला मिळाली तर अशी तक्रार अर्धी सुटते.

खाण्याच्या दुकानांसाठी आणखी एक धागा आहे. 1 जानेवारी 2022 पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक झालं. सुरुवातीचा 1 परवान्याचा, 2 छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीचा. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 15. मात्र 100 ने सुरुवात असेल तर परवाना केंद्राचा. हा परवाना त्या-त्या जागेचा असतो, म्हणून `foscos.fssai.gov.in` वर तो टाकला की कोणाच्या नावावर आणि कोणत्या पत्त्यावर आहे ते दिसतं. शिळं किंवा दूषित काही मिळालं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना हाच क्रमांक जास्त उपयोगी, कारण तपासणीला येणारा अधिकारी त्याच परवान्यावरून येतो. घरपोच मागवलेल्या जेवणाच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. 2022 पासून हॉटेलच्या जेवणावरचा जीएसटी ॲपच भरतं, त्यामुळे ॲपच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक ॲपचा असू शकतो. तिथे अन्न परवान्याच्या क्रमांकावरूनच स्वयंपाकघर ओळखायचं.

एक मर्यादा राहते, आणि ती मोठी आहे. दागिने, पादत्राणं, कपडे यांच्या काही साखळ्यांमध्ये जागा आणि नोकर फ्रँचायझीचे, माल मात्र कंपनीचाच, आणि दुकानदाराला विक्रीवर कमिशन. अशा दुकानातलं बिल कंपनीच्या नावाने निघतं, सहाव्या जागी C आणि पॅन कंपनीचाच. बिल पाहून दुकान कंपनीचं वाटतं, प्रत्यक्षात ते चालवणारा दुसराच असतो. वस्तू खराब निघाली तर याने काही बिघडत नाही, विकणारी कंपनी ठरलीच. पण दुकानातल्या माणसाने उद्धटपणा केला, शिलाईसाठी दिलेला कोट हरवला, आगाऊ रक्कम कच्च्या पावतीवर घेतली, तर जबाबदार कोण ते बिलावरून ठरत नाही. अशा वेळी ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव बघावं, कार्डाच्या स्लिपवर किंवा यूपीआयच्या नोंदीत ते उमटलेलं असतं. आणि कच्च्या पावतीवर आगाऊ रक्कम देऊ नये.