कर्ज काढू का? आधी चार गोष्टी सांगा

"कर्ज काढावं म्हणतोय, काढू का?" असं कोणी विचारलं की ऐकणारे लगेच उत्तर देऊन मोकळे होतात. एक म्हणतो, काढ, हल्ली सगळेच काढतात. दुसरा म्हणतो, कर्जाच्या वाटेला जाऊ नकोस. किती रुपये हवेत, कशासाठी हवेत, किती महिन्यांत फेडणार आणि दरमहा घरात येतं किती, हे दोघांपैकी कोणीच विचारलेलं नसतं. या चार गोष्टी कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे निव्वळ अंदाज, मग तो बँकेतल्या ओळखीच्या माणसाचा असो की सख्ख्या मामाचा.

या चार गोष्टी गाळल्या जातात त्या काही पक्क्या समजुतींमुळे. त्या तपासायला एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यात राहणारा एक गृहस्थ आहे. कारखान्यात नोकरी, हातात पगार ३२,००० रुपये. दुचाकीचा ३,२०० रुपयांचा हप्ता चालू आहे. त्याला फोन आला, "सर, तुमचं तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर आहे, १४ टक्के व्याज." आता त्याच्यापुढे प्रश्न आहे, घेऊ का?

गैरसमज: बँक द्यायला तयार आहे, म्हणजे आपल्याला झेपेल

बँक पगार पाहते, चालू हप्ते पाहते आणि आधीची कर्जं वेळेवर फेडली का ते पाहते. सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आत बसत असतील, तर बहुतेक ठिकाणी गाडी पुढे सरकते. तीन लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो १०,२५३ रुपये. दुचाकीचा हप्ता धरून १३,४५३, म्हणजे पगाराच्या ४२ टक्के. बँकेच्या दृष्टीने हे बसतं.

पण या घराचा महिन्याचा खर्च २०,००० आहे. किराणा, वीजबिल, मुलांची फी, आईची औषधं, त्यात उधळपट्टी काहीच नाही. हप्ते गेल्यावर उरतात १८,५४७. म्हणजे दरमहा जवळपास दीड हजार कमी पडणार, आणि ते पहिल्याच महिन्यापासून. आईची औषधं बँकेच्या हिशेबात नाहीत, ती धरायची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याची. म्हणून उत्पन्न सांगताना पगाराचा आकडा पुरत नाही. चालू हप्ते आणि घरखर्च वजा जाता काय उरतं, तो आकडा खरा. ज्यांची कमाई हंगामी आहे, कमिशनवर आहे किंवा दुकानाच्या गल्ल्यावर आहे, त्यांनी चांगल्या महिन्याऐवजी वर्षातला सगळ्यात पडेल महिना धरून हा हिशेब करावा. हप्ता त्या महिन्यातही ठरल्या तारखेलाच कापला जातो.

गैरसमज: हप्ता लहान, म्हणजे कर्ज स्वस्त

दीड हजार कमी पडतात असं सांगितलं की पलीकडून लगेच तोडगा येतो, "मुदत पाच वर्षं करू, हप्ता ६,९८० होईल." हे ऐकून जीव भांड्यात पडतो. सगळे हप्ते आणि घरखर्च भागवूनही १,८२० रुपये उरतात. पण तीन वर्षांच्या कर्जात एकूण व्याज सुमारे ६९,००० होतं, ते पाच वर्षांत सुमारे १,१८,८०० होतं. दर तोच, रक्कम तीच, फक्त मुदतीमुळे जवळपास ५०,००० रुपये जास्त.

इथे बहुतेक जण तीन वर्षं की पाच वर्षं एवढ्याचाच विचार करत बसतात आणि रक्कम मात्र काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखी धरून चालतात. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा याच जागी वाचतो. तीन लाख हा आकडा आला कुठून? फोनवरच्या माणसाने सांगितला म्हणून. गृहस्थाला पैसे हवे आहेत ते स्लॅबची गळती काढायला आणि दोन खोल्यांचं प्लास्टर करायला. ठेकेदाराकडून कामाचं लेखी अंदाजपत्रक घेतलं तर ते २,४०,००० रुपयांचं निघालं. आवर्ती ठेवीचे ६०,००० पुढच्या महिन्यात हातात येणार आहेत. अडीनडीसाठी बचत खात्यात ४०,००० वेगळे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे गरज उरली १,८०,००० रुपयांची.

एवढी रक्कम त्याच १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतली तर हप्ता येतो ६,१५२ रुपये. तीन लाखांच्या पाच वर्षांच्या हप्त्यापेक्षाही तो कमी आहे, आणि एकूण व्याज साधारण ४१,५०० रुपये. सगळं भागवून महिन्याला २,६४८ रुपये हातात राहतात. बांधकामात अंदाजपत्रक थोडं वर जातंच, त्यामुळे पाच-सात टक्के जादा धरायला हरकत नाही. मात्र "मंजूर आहेच तर पूर्ण घेऊन टाकू" या विचाराने घेतलेले वरचे लाखभर रुपये कुठे गेले, हे वर्षभराने सहसा कोणालाच सांगता येत नाही.

गैरसमज: कशासाठी घेतो, याच्याशी देणाऱ्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो बऱ्याचदा घेणाऱ्याच्या फायद्याचा आहे. वैयक्तिक कर्जाला तारण नसतं, म्हणून त्याचा दर सहसा चढा असतो. कारण सांगितलं तर दुसरं दार उघडू शकतं. घर स्वतःच्या नावावर असेल आणि कागद चोख असतील, तर घरदुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मिळतं आणि त्याचा दर गृहकर्जाच्या जवळपास असतो. त्यात कागदपत्रं जास्त आणि वेळही जास्त लागतो. पावसाळा तोंडावर असेल तर हा वेळ परवडणार नाही, आणि तो विचारही हिशेबात धरायलाच हवा.

शेतीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. बी-बियाणं आणि खतासाठी तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, आणि वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीमुळे ते ४ टक्क्यांवर येतं. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर फेडणाऱ्याला उरलेला भारही राहत नाही. तोच शेतकरी "कशाला त्या कागदपत्रांच्या फेऱ्या" म्हणून त्याच कामासाठी वैयक्तिक कर्ज घेतो, तेव्हा तीन लाखांमागे वर्षाला हजारो रुपयांचं व्याज विनाकारण भरतो. शिवाय वैयक्तिक कर्जाचा हप्ता दरमहा येतो आणि पिकाचा पैसा वर्षातून एक-दोनदा.

सोनेतारणाबाबत एकच विचारून घ्यावं, व्याज दरमहा भरायचं आहे की मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम? एकदम फेडायच्या प्रकारात महिन्याला काहीच भरावं लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. बारा महिन्यांनी सगळी रक्कम एकरकमी उभी करावी लागते. ती उभी राहिली नाही तर दागिना लिलावात जाऊ शकतो.

गैरसमज: ज्याचा टक्का कमी, ते कर्ज स्वस्त

आता मूळ तीन लाखांच्या प्रस्तावाकडे परत येऊ. त्याच गृहस्थाला गावातला एक एजंट सांगतो, "१४ टक्के कशाला देता? आमच्याकडे ९ टक्के." कानाला हे स्वस्त वाटतं. पण हा ९ टक्के फ्लॅट दर आहे. तीन लाखांवर वर्षाला २७,०००, तीन वर्षांचे ८१,००० व्याज आधीच काढायचं आणि ३,८१,००० चे ३६ समान हप्ते पाडायचे. हप्ता येतो १०,५८३. बँकेचा १४ टक्क्यांचा हप्ता होता १०,२५३. नऊ टक्क्यांचं कर्ज महाग पडलं.

कारण साधं आहे. दर महिन्याला मुद्दल थोडं थोडं फिटत असतं. बँकेचा १४ टक्के दर फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतो. फ्लॅट दरात मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखांवर व्याज मोजलेलं असतं, त्यातले बहुतेक पैसे परत दिलेले असूनही. उरत्या मुद्दलावर मोजलं तर हे ९ टक्के जवळपास सव्वासोळा टक्के होतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?

१४ टक्केसुद्धा शेवटचा आकडा नव्हे. समजा, बँकेने २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ७,०८० रुपये कापले आणि ५,००० रुपयांचा विमा जोडला. खात्यात येतात २,८७,९२०, हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांचा. हे सगळं धरलं तर कर्ज प्रत्यक्षात सुमारे १६.९ टक्क्यांनी पडतं.

गैरसमज: मुदत मोठी घेऊ, दोन वर्षांनी एकदम फेडून टाकू

पाच वर्षांच्या त्या कर्जात दोन वर्षं नेमाने ६,९८० भरले, म्हणजे सुमारे १,६७,५०० रुपये दिले, तरी बाकी राहते सुमारे २,०४,२५०. पहिल्या हप्त्यातले ३,५०० तर व्याजातच गेलेले असतात. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि मुदतीआधी बंद करायला शुल्क लागू शकतं. ते ४ टक्के असेल तर जीएसटी धरून आणखी ९,६०० रुपये. व्यक्तीने व्यवसायाखेरीज इतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, उदाहरणार्थ गृहकर्जावर, असं शुल्क लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. त्यामुळे दर स्थिर आहे की बदलता, हेही आधीच विचारून घ्यावं.

हे सगळं तोंडी विचारून लक्षात ठेवायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी, बँक असो की वित्त कंपनी, करार करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' हा ठरावीक नमुन्यातला कागद देणं बंधनकारक आहे, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. मराठीतून मागायला संकोच करू नये. त्यात शुल्क आणि विमा धरून निघणारा वार्षिक दर एपीआर या नावाने असतो. १४ आणि १६.९ मधला फरक तिथे दिसतो. मुदतीआधी फेडीचं शुल्क आणि हप्त्यांचा तक्ताही त्यातच असतो. त्या कागदात नसलेलं शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्या कागदातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. "ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" असं कोणी म्हणालं, तरी हे तीन दिवस आपले आहेत. तेवढ्या वेळात ठेकेदाराचं अंदाजपत्रक हातात येतं, दुसऱ्या एका बँकेचा तसाच कागद मागवता येतो आणि दोन्हींचे एपीआर शेजारी ठेवून पाहता येतात.