निळी टिकली आणि 471

भाच्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. राउटरच्या बंद पडलेल्या अडॅप्टरचं झाकण उघडून त्यानं आतली हिरवी प्लेट अगदी जवळून टिपली होती. वायर जिथून आत येते तिथे एक निळी, चपटी, दोन पायांची टिकली तडकून काळी पडलेली. खाली मजकूर : "मामा, हा कंडेन्सर जळालाय. वर 471 दिसतंय. दुकानदारानं 471 चा दिलाय. बसवू का?"

मी आधी "थांब" लिहिलं, मग चष्मा शोधला.

471 या आकड्याची गंमत अशी की तो एकटा काहीच सांगत नाही. वाचायची पद्धत सगळीकडे एकच आहे. पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसऱ्या आकड्याइतकी शून्यं पुढे लावायची. म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७०. पण ४७० काय? रेझिस्टरवर असेल तर ४७० ओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर असेल तर ४७० पिकोफॅरड. आणि व्होल्टेज वाढलं की स्वतः वीज खाऊन बाकीच्यांना वाचवणारा व्हॅरिस्टर असेल, तर ४७० व्होल्ट. म्हणून पार्ट कोणता हे आधी ठरवायचं आणि आकडा मागाहून वाचायचा. भाच्यानं आणि दुकानदारानं नेमका उलटा क्रम लावला होता.

मग ठरवायचं कसं? आकारावरून म्हणाल तर फसाल. निळी टिकली कपॅसिटरची असते तशीच व्हॅरिस्टरचीही असते. पहिला खरा साक्षीदार म्हणजे पार्टशेजारी प्लेटवर छापलेली पांढरी अक्षरं. R म्हणजे रेझिस्टर, C म्हणजे कपॅसिटर, D म्हणजे डायोड, Q म्हणजे ट्रान्झिस्टर. T हे अक्षर बहुतेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरकडे असतं. भाच्याच्या फोटोत टिकलीच्या बुडाशी अक्षरं होती, पण धूसर. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं तिथेच मरतात. त्याला सांगितलं, "तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि प्लेट उलटी करून मागच्या बाजूचाही काढ. फ्लॅश नको, टॉर्च बाजूनं तिरका धर."

तिरक्या उजेडात पार्टवर कोरलेली किंवा फिकट झालेली अक्षरं उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की नुसती चकाकी येते. नवा फोटो आला आणि छापलेलं स्पष्ट वाचता आलं : RV1. टिकलीवर काजळी नव्हती त्या बाजूला पूर्ण मजकूर होता, 07D471K. ७ मिलिमीटर व्यासाची टिकली, ४७० व्होल्ट, दहा टक्के इकडेतिकडे. हा कंडेन्सर नव्हताच, व्हॅरिस्टर होता.

तरीही छापलेल्या अक्षरांवर डोळे मिटून विसंबू नये. आराखडा काढणाऱ्याच्या मनात काय होतं तेवढंच ती सांगतात. कारखान्यात पैसे वाचवायला तिथे दुसरंच काही, कधी नुसता तारेचा तुकडाही लावलेला असतो. म्हणून तिसरा साक्षीदार बोलवायचा : पार्टची जागा. मागच्या बाजूच्या फोटोत तांब्याचे पट्टे दिसतात, ते बोटानं शोधत जायचे. या टिकलीचा एक पाय फ्यूजनंतरच्या फेजला आणि दुसरा न्यूट्रलला जोडलेला होता. विजेच्या दोन तारांमध्ये आडवा बसणं हीच व्हॅरिस्टरची जागा.

त्याच प्लेटवर आणखी एक निळी टिकली होती, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. तिच्याजवळ CY1 छापलेलं आणि अंगावर 222M आणि Y1. तिचा एक पाय २३० व्होल्टच्या बाजूला आणि दुसरा १२ व्होल्टच्या बाजूला होता, मधली मोकळी पट्टी ओलांडून. हा मात्र खरा कपॅसिटर, २२०० पिकोफॅरडचा आणि खास सुरक्षा दर्जाचा. त्याच्या जागी साधा बसवला आणि तो आतून शॉर्ट झाला, तर राउटरच्या पिनपर्यंत मेनची वीज येते. दोन टिकल्या शेजारीशेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत, पण अदलाबदल झाली तर एक जीवावर उठेल.

फोटोत अर्धगोल डोक्याचा, तीन पायांचा एक काळा पार्टही होता. भाच्यानं त्यावर बाण काढून विचारलं, "हा ट्रान्झिस्टर ना?" दिसायला हुबेहूब. पण शेजारी U2 छापलेलं आणि अंगावर TL431. ती व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी आयसी आहे. त्या अर्धगोल डब्यात ट्रान्झिस्टर येतो, ही आयसी येते, तापमान मोजणारा सेन्सरही येतो. तीन पाय दिसले की ट्रान्झिस्टर, ही सवय सोडायची आणि अंगावरचा नंबर वाचायचा.

पट्टीचंही असंच आहे. डायोडच्या एका टोकाला पट्टी असते, ते कॅथोड. प्रवाह तिथून बाहेर पडतो. अॅल्युमिनियमच्या उभ्या डबीसारख्या कपॅसिटरवर पट्टी असते, ती ऋण पायाकडे. पण लहानशा पिवळ्या चौकोनी टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन टोक दाखवते. या दोन कपॅसिटरांच्या पट्ट्यांचा अर्थ एकच धरून टँटलम उलटा बसवला, तर तो पेटतो.

फोटो जिथे हात टेकतो ती जागाही सांगायला हवी. प्लेटच्या मागे तांदळाच्या कणीएवढे तपकिरी तुकडे चिकटवलेले असतात. ते सिरॅमिक कपॅसिटर, पण त्यांच्या अंगावर सहसा काहीच लिहिलेलं नसतं. कितीही जवळून फोटो काढा, किंमत कळत नाही. काढून मीटरवर मोजावी लागते. पूर्ण कोळसा झालेल्या पार्टचंही तेच, तिथे तसलाच दुसरा चांगला बोर्ड शोधणं हाच उपाय.

आता भाच्याच्या हातातला 471 चा कंडेन्सर. तो ५० व्होल्टचा होता. मेनच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, त्यामुळे तो लावल्या लावल्या फुटला असता. प्लेटला हात लावण्यापूर्वी मोठ्या ४०० व्होल्टच्या डबीचे पाय मीटरनं तपासायला लावलं, कारण प्लग काढल्यावरही तिच्यात चार्ज राहू शकतो. मीटरनं शून्य दाखवलं. फ्यूज मात्र गेला होता. व्हॅरिस्टरनं शॉर्ट होऊन त्याला उडवलं आणि पुढचे सगळे पार्ट वाचवले. नवा फ्यूज आणि नवा 07D471K बसवला, अडॅप्टर चालू झाला.

पण ४७० व्होल्टचा व्हॅरिस्टर साध्या वीजपुरवठ्यात जळत नाही. त्याला ३०० व्होल्टपर्यंत रोजची वीज चालते. विचारल्यावर कळलं, त्याच रात्री इमारतीत आणखी दोन घरांतले दिवे आणि एक टीव्ही गेला होता. वायरमननं खालचा थ्री फेज बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल निघाला. न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास वीज येऊ शकते. तो स्क्रू आवळला नसता, तर नवी टिकलीही तशीच तडकली असती.