अणकुचीदार वक्राची लांबी

x = t², y = t³ या समीकरणांनी काढलेला वक्र आरंभबिंदूपाशी सुईसारखा टोकदार होतो. त्याची लांबी विल्यम नील या इंग्रज गणितज्ञाने १६५७ मध्येच अचूक काढली होती, म्हणून संगणकाची पद्धत पारखायला तो फार सोयीचा आहे. t ला काळ मानले, तर वक्रावरून धावणाऱ्या बिंदूचा वेग |t|√(4+9t²) इतका येतो आणि या वेगाचे समाकलन म्हणजेच लांबी. t हा −१ पासून १ पर्यंत गेला, तर खरे उत्तर २.८७९४२ आहे.

बहुतेक वक्रांसाठी असे तयार सूत्र मिळत नाही. तिथे काही निवडक ठिकाणी वेग मोजून, त्यांना ठरावीक भार देऊन बेरीज करतात. ही ठिकाणे समान अंतरावर न ठेवता नेमकी कुठे घ्यावीत, हे गाऊसने १८१४ मध्ये दाखवले. त्याच्या दोन बिंदूंच्या नियमाने त्रिघाती बहुपदीचेही समाकलन बिनचूक होते.

आता हा नियम −१ ते १ या पूर्ण पल्ल्यावर लावू. दोन बिंदूंनी ३.०५५ येते, तर तीन बिंदूंनी २.६३९. खरे उत्तर माहीत नसले, तरी या दोन आकड्यांतली ०.४१६ ची तफावत धोक्याची खूण आहे. टोकापाशी वेग शून्याला टेकून एकदम वर वळतो आणि असा कोपरा बहुपदीला पेलत नाही.

समजा ०.०१ इतकी चूक चालणार आहे. तफावत तिच्याहून मोठी असल्याने पल्ला मधोमध तोडायचा आणि प्रत्येक अर्ध्याला ०.००५ चूक वाटून द्यायची. ० ते १ मध्ये दोन बिंदू १.४४३३८ देतात, तीन बिंदू १.४३९६९. तफावत ०.००३७ म्हणजे मर्यादेत, म्हणून हा तुकडा स्वीकारायचा. दुसरा अर्धा त्याचेच प्रतिबिंब आहे. बेरीज २.८७९३८ येते. खरी चूक ०.००००५ हून कमीच आहे, कारण तफावत मुख्यतः दोन बिंदूंच्या कच्च्या उत्तराची चूक मोजते, तर आपण ठेवतो ते तीन बिंदूंचे उत्तर.

इथे पहिलाच छेद टोकावर पडला, हे नशीब. पल्ला −१ ते २ असता, तर टोक एकतृतीयांशावर आले असते आणि कितीही वेळा अर्धे केले तरी छेद तिथे पडला नसता. मग फक्त टोकाचा तुकडाच पुन्हापुन्हा तुटत राहतो आणि दर वेळी त्याची चूक साधारण चौपट घटते. टोकाची जागा आधीच ठाऊक असेल, तर पल्ला तिथेच तोडून सुरुवात करणे केव्हाही शहाणपणाचे.

तफावतीवर डोळे झाकून विसंबताही येत नाही. मोजणीच्या बिंदूंच्या मधे एखादा अरुंद उंचवटा लपला, तर दोन्ही उत्तरे एकमताने चुकतात. म्हणून सुरुवातीलाच पल्ल्याचे काही तुकडे पाडतात. उलट, मर्यादा संगणकाच्या सुमारे सोळा अंकी अचूकतेपलीकडे ताणली, तर तफावत राउंडिंगच्या गोंधळातच अडकते आणि तोडणे थांबतच नाही. त्यासाठी किती वेळा तोडायचे याची कमाल ठरवून ठेवतात. ती गाठली गेली, तर उत्तराबरोबर तसा इशाराही द्यावा लागतो.