सम, ताई आणि आठशे रुपये

‘नमस्कार मंडळी, आमच्या नृत्यालयात आपलं सहर्ष स्वागत आहे.’ हे वाक्य नीट म्हणायला चारेक सेकंद लागतात. तोवर बघणाऱ्याचा अंगठा पुढच्या रीलवर पोहोचलेला असतो. त्याआधी क्लासचा लोगो गरगर फिरवून आणला असेल, तर विचारायलाच नको.

समजा, डोंबिवलीत कथकचा क्लास आहे आणि रील करायचंय जूनच्या प्रवेशांसाठी. कथकवाल्यांकडे सुरुवात आयतीच असते: तिहाई. एकच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचा आघात बरोबर समेवर पडतो. द्रुत लयीतली छोटी तिहाई दोन-तीन सेकंदांत बसते. म्हणून पहिल्या चौकटीत फक्त घुंगरू बांधलेले पाय दाखवायचे आणि पडद्यावर ‘कथक, वय ६ पासून, डोंबिवली पूर्व’ एवढंच लिहायचं. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांनाही आपल्या कामाचं आहे की नाही हे कळतं. अक्षरं मात्र अगदी खाली नकोत. तिथे खात्याचं नाव आणि मजकूर त्यांच्यावर चढतो.

समेवर पाय थांबले की कॅमेरा ताईंच्या चेहऱ्यावर. त्यांनी स्वतःच बोलावं: ‘मी कथक विशारद, बारा वर्षं लहान मुलांना शिकवतेय.’ गुरुपरंपरा, पुरस्कार, परदेश दौरे पुढे सांगता येतील. सहा वर्षांच्या मुलीच्या आईला आधी एवढंच हवं असतं की बाई शिकलेल्या आहेत आणि त्यांना मुलं सांभाळता येतात.

मग लगेच फी. इथे बहुतेक क्लासवाले कचरतात आणि ‘फीसाठी मेसेज करा’ म्हणतात. शेजारच्या क्लासला आकडा कळेल, ही भीती. पण शेजारचा क्लास एक फोन करून तो केव्हाही काढू शकतो. अडतात ते पालक. त्यातले काही विचारतच नाहीत, आणि विचारणाऱ्यांना दिवसभर तेच उत्तर टाइप करत बसावं लागतं. नुसते ‘आठशे रुपये’ही पुरत नाहीत. ‘महिन्याला आठशे, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, परीक्षेची फी आणि पोशाख वेगळा’ असं सांगितलं, तर नंतर कुरबुर होत नाही. मात्र हे सगळं बोलायला सात-आठ सेकंद जातात. म्हणून तोंडाने पहिला भाग सांगावा आणि परीक्षा-पोशाखाची ओळ पडद्यावर लिहावी.

चित्रण दोन तुकड्यांत केलेलं बरं. घुंगरांसाठी फोन पायांजवळ ठेवला की ताईंचा आवाज लांबून, फरशीच्या हॉलमध्ये तर घुमून येतो.

रील टाकल्यावर इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत प्रेक्षक कुठे गळले याची रेघ दिसते. ती तिसऱ्या सेकंदाआधीच कोसळली, तर दोष सुरुवातीच्या दृश्यात शोधावा. ताई बोलू लागल्यावर कोसळली, तर ओळख लांबलीय.

एक अडचण उरतेच. पोस्ट झालेल्या रीलखालचा मजकूर बदलता येतो, पण व्हिडिओत बोललेला आकडा बदलत नाही. पुढच्या वर्षी फी वाढली की जुनं रील दाखवून पालक आठशेच देऊ करतात. त्यामुळे आकड्याशेजारी ‘जूनची बॅच’ आणि वर्ष लिहिलेलं असावं.