तीच आजी, पुढच्या शॉटमध्येही

नऊवारीतल्या आजी जात्यावर दळताहेत, अशी पाच सेकंदांची क्लिप एआयकडून करून घेणं आता अवघड नाही. कटकट दुसऱ्या शॉटला सुरू होते. त्याच आजी उठून ओसरीकडे चालत जायला हव्यात, आणि स्क्रीनवर येते भलतीच बाई.

अलीबाबाने २०२५मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं Wan 2.1 घ्या. जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा मुंग्यांपासून ते सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्याने त्यातून चित्र काढतं. सुरुवातीच्या मुंग्या कोणत्या, हे ठरवणारा आकडा म्हणजे सीड. ComfyUIमध्ये सीडखालचा पर्याय `fixed` केला आणि बाकी काहीही हलवलं नाही, तर त्याच संगणकावर जवळजवळ तीच क्लिप पुन्हा मिळते. पण ८१ फ्रेमऐवजी ४९ केल्या किंवा चित्राचा आकार बदलला, की मुंग्याच बदलतात. प्रॉम्प्ट बदलला तरी चेहरा हातचा गेलाच! सीड काही आजींचं ओळखपत्र नव्हे. त्याचा खरा उपयोग चाचणीला.

समजा, दळणाऱ्या आजींच्या नाकावर न मागता चष्मा आला. सीड तोच ठेवून फक्त निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये `glasses` लिहायचं. `no glasses` नाही, कारण नको असलेल्या गोष्टीचं नुसतं नाव तिथे अपेक्षित असतं. प्रत्येक टप्प्यावर मॉडेल दोन अंदाज बांधतं, एक हव्या असलेल्या वर्णनावरून आणि एक नको असलेल्या. मग पहिल्याकडे झुकत दुसऱ्यापासून दूर सरकतं. किती दूर, ते `cfg` ठरवतो. हा आकडा १ असेल तर गणितात दुसरा अंदाज पूर्ण खोडला जातो. क्लिप झटपट व्हावी म्हणून जोडल्या जाणाऱ्या बऱ्याच लोरा फायली नेमक्या `cfg` १वरच चालवायच्या असतात. मग निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये पानभर लिहा, चष्मा हलत नाही. अशा वेळी शब्द वाढवण्याआधी हा आकडा पाहावा.

चेहरा टिकवायचं काम संदर्भचित्राचं. Wanच्या चित्रावरून व्हिडिओ करणाऱ्या प्रकारात दिलेलं चित्र हीच पहिली फ्रेम होते, म्हणून चेहरा, नथ, लुगड्याचे काठ तिथून पुढे येतात. मात्र चित्रात नसलेलं मॉडेल मनाने भरतं. समोरून काढलेल्या चित्रात कासोटा दिसत नाही. आजी पाठमोऱ्या झाल्या की मागे सरळ पाचवारी साडी नेसवलेली दिसू शकते. उपाय जरा कष्टाचा आहे: त्याच आजींचं पाठमोरं, कासोटा दिसणारं स्थिरचित्र आधी तयार करायचं आणि चालण्याचा शॉट त्यावरून सुरू करायचा.

गूगलच्या Veo 3.1ला तीनपर्यंत संदर्भचित्रं देता येतात, त्यामुळे समोरची आणि मागची बाजू एकदमच दाखवता येते. सीड तिथेही आहे, पण त्याने हुबेहूब तीच क्लिप मिळेल याची हमी गूगलच देत नाही. जमलेला शॉट लगेच उतरवून घेतलेला बरा.