हुकूमनाम्यात गट नंबर चुकला, तर…

समजा, जमिनीच्या ताब्याचा दावा वादीच्या बाजूने निकाली निघाला. जमीन गट नंबर १४३ मधली, क्षेत्र ० हेक्टर ६२ आर. दाव्यात, सातबाऱ्यात आणि न्यायाधीशांनी सही केलेल्या निकालपत्रात गट नंबर बरोबर आहे. कार्यालयात हुकूमनामा तयार होताना मात्र १४३ चे १३४ झाले. प्रतिवादीने अपील केले नाही. वादीने ताब्यासाठी दरखास्त लावली आणि बेलिफ वॉरंट घेऊन निघाला, तो गट १३४ कडे. ती जमीन तिसऱ्याच माणसाची, दाव्याशी काडीचाही संबंध नसलेली.

यावर पुष्कळजण दरखास्तीतच अर्ज देतात, की नंबर चुकला आहे, बेलिफाला १४३ मध्ये पाठवा. तो अर्ज टिकत नाही. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनामा आहे तसा अमलात आणते. त्याच्या आत शिरून दुरुस्ती करण्याचा अधिकार त्याला नाही. दुरुस्ती मूळ दाव्यातच मागावी लागते. अर्ज कार्यालयात दाखल होतो, पण तो लिहायचा न्यायाधीशांना उद्देशून. अधीक्षक किंवा लिपिक यांना स्वतःहून एक आकडाही बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५२ मध्ये याची सोय आहे. लेखनातली किंवा हिशेबातली चूक, किंवा नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते, पक्षकाराच्या अर्जावरून किंवा स्वतःहूनही. अर्जाचा मजकूर साधारण असा असतो :

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात
रेग्युलर दिवाणी दावा क्र. …
वादीतर्फे दि. प्र. सं. कलम १५२ अन्वये अर्ज

१. सदर दाव्याचा निकाल दि. … रोजी वादीच्या लाभात झालेला आहे.
२. दावा परिच्छेद १ मध्ये व निकालपत्रातील अंतिम आदेशात दावा मिळकतीचा गट नंबर १४३ असा नमूद आहे. तथापि, हुकूमनाम्यात तो नजरचुकीने १३४ असा लिहिला गेला आहे.
३. सदरची चूक लेखनिक स्वरूपाची असून तिच्या दुरुस्तीने पक्षकारांच्या हक्कांत कोणताही बदल होत नाही.
सबब विनंती की, हुकूमनाम्यात गट नंबर १३४ ऐवजी १४३ अशी दुरुस्ती करण्याचा आदेश व्हावा.

सोबत निकालपत्र व हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला, सातबारा उतारा आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाची प्रत विरुद्ध बाजूला दिली जाते आणि तिचा ‘से’ घेऊन न्यायाधीश आदेश करतात.

सगळा अर्ज उभा आहे तो परिच्छेद २ वर. हुकूमनामा निकालपत्राशी जुळलाच पाहिजे, असे संहितेच्या आदेश २० मध्ये सांगितले आहे. म्हणून चूक कुठल्या कागदावर, कुठल्या ओळीत आहे आणि बरोबर मजकूर कुठल्या कागदावर आहे, हे समोरासमोर मांडले, की काम सोपे होते. निकाल कसा न्याय्य होता, प्रतिवादीने किती त्रास दिला, हे लिहिण्याची ही जागा नव्हे. तसल्या मजकुराने उलट शंका येते, की अर्जदाराला दुरुस्तीच्या नावाखाली आणखी काही हवे आहे.

ती शंका निराधार नसते. द्वारकादास विरुद्ध मध्य प्रदेश शासन या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा आखून दिली. दावा चालू असतानाच्या काळाचे व्याज मूळ निकालात दिलेले नव्हते, ते कलम १५२ खाली मागाहून जोडले गेले. ही लेखनिक चूक नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. न्यायाधीशांनी जे ठरवले ते कागदावर चुकीचे उतरले, तर हे कलम चालते. जे ठरवलेच नाही त्यासाठी अपील किंवा पुनर्विलोकनाचीच वाट आहे, आणि त्या दोन्हींना मुदत असते.

सगळ्यात अडचणीचा प्रकार म्हणजे दाव्यातच १३४ लिहिलेले असणे. मग निकालपत्रातही तेच येते, हुकूमनाम्यातही. अशा वेळी चूक न्यायालयाच्या कार्यालयाची राहत नाही, पक्षकाराची होते. सातबारा, चतुःसीमा आणि साक्षीपुरावा यांवरून मिळकत एकच असल्याचे स्वच्छ दिसत असेल तर काही वेळा दुरुस्ती मिळते, पण प्रतिवादी कडाडून विरोध करतो आणि निकालाची खात्री देता येत नाही.

कायद्यात ‘केव्हाही’ असले, तरी निवांत बसू नये. हुकूमनामा निकालाच्याच तारखेचा असतो आणि दरखास्तीची १२ वर्षांची मुदत त्या मूळ तारखेपासूनच मोजली जाईल, असे धरून चालावे. दरम्यान अपील होऊन गुणदोषांवर निकाल लागला असेल, तर अर्ज अपिली न्यायालयात करावा लागतो, कारण मूळ हुकूमनामा त्यात विलीन झालेला असतो.

म्हणून हुकूमनाम्याची नक्कल हाती पडली, की ती कपाटात ठेवण्याआधी निकालपत्र आणि सातबारा शेजारी घेऊन बसा. नावे, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, रक्कम आणि व्याजाची तारीख एकेक करून ताडून पाहा, आणि फरक दिसला तर दरखास्त लावण्यापूर्वीच अर्ज करा.