टोकन दिल्यानंतरची रुखरुख

२२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीत शोरूममध्ये किती गर्दी झाली, हे आपण वाचलेच आहे. बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्यामधल्या आठवड्यांबद्दल मात्र फारसे कुणी लिहिले नाही. टोकन भरून माणूस घरी येतो, शेजारी विचारतात, ‘अरे, ती दुसरी का नाही घेतलीस?’ आणि दुकानात पक्का वाटलेला निर्णय डळमळू लागतो. विक्रेत्यांची बरीच बुकिंग नेमकी याच काळात रद्द होतात.

ही रुखरुख कमकुवत मनाची खूण नव्हे, निवड करण्यातूनच ती उपजते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली तिची मांडणी केली. दोन चांगल्या पर्यायांपैकी एक घेतला की सोडलेल्याचे गुण आणि घेतलेल्याचे दोष दोन्ही आपल्याकडेच उरतात. पर्याय जितके तुल्यबळ, रक्कम जितकी मोठी आणि निर्णय जितका स्वतःचा, तितकी टोचणी जास्त. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या गाडीच्या मालकांना ते कोणत्या जाहिराती वाचतात, हे विचारले गेले. ते सर्वाधिक वाचत होते स्वतः विकत घेतलेल्या गाडीच्या जाहिराती. म्हणजे पैसे देऊन झाल्यावरही ते आपल्या निर्णयाच्या बाजूचा पुरावा शोधत होते. विक्रेत्याच्या पाठपुराव्याच्या संदेशाला जागा मिळते ती इथे.

या संदेशांचा परिणाम तपासणारे दोन प्रयोग १९७० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, म्हणूनच ते शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला डॉनेली आणि इव्हान्सेविच यांचा. गाडीच्या करारावर सही केलेल्या, पण गाडी अजून हातात न आलेल्या ग्राहकांपैकी काहींना डीलरकडून दोनदा फोन गेला. तुम्ही योग्य गाडी निवडलीत, असा दिलासा त्यात होता. इतरांना फोन गेला नाही. फोन गेलेल्यांतले रद्द करण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

दुसरा शेल्बी हंट यांचा, फ्रिज घेतलेल्या ग्राहकांवरचा. काहींना दुकानाने पत्र पाठवले, काहींना तसाच मजकूर फोनवर सांगितला, काहींना काहीच कळवले नाही. पत्र मिळालेल्यांची रुखरुख कमी आढळली आणि दुकानाबद्दलचे मतही चांगले आढळले. फोन आलेल्यांची रुखरुख मात्र काहीही न मिळालेल्यांपेक्षाही जास्त निघाली.

असे का व्हावे? माझ्या मते उत्तर व्यवहाराच्या टप्प्यात आहे. गाडीचा ग्राहक वाट पाहत होता. त्याचे काम अपुरे होते, त्यामुळे डीलरचा फोन येण्याला कारण होते. फ्रिज घरात येऊन चालू झाल्यावर दुकानदार मुद्दाम फोन करून ‘छान निवड केलीत’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे मला का सांगतायत? काही गडबड आहे का?’ फोन उत्तर मागतो, तेही लगेच. पत्र सवडीने वाचता येते, पुन्हा उघडता येते आणि घरातल्या शंका काढणाऱ्या माणसापुढे ठेवता येते. आज रोज कर्जाचे आणि विम्याचे फोन झेलणाऱ्या आपल्या ग्राहकाला हे अधिकच लागू पडते. नुसता फोन वाजला तरी तो सावध होतो. त्यामुळे लेखी संदेश आधी आणि फोन ग्राहकाने मागितला तरच, असा क्रम मला योग्य वाटतो.

संदेशात काय असावे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. नाशिकच्या एका कुटुंबाने नऊ लाखांची गाडी अकरा हजार टोकन देऊन बुक केली, डिलिव्हरी पाच आठवड्यांनी. ते दोन मॉडेलांत अडकले होते. एकाचे मायलेज जास्त, तर दुसऱ्याची सीट उंच, आईच्या गुडघ्यांना सोयीची. त्यांनी दुसरे घेतले. दोन दिवसांत त्यांना असा संदेश गेला पाहिजे: ‘काकूंना चढ-उतार सोपी व्हावी म्हणून आपण हे मॉडेल निवडलेत. व्हेरियंट, रंग आणि ऑन-रोड किमतीचा तपशील सोबत जोडला आहे. डिलिव्हरीची अंदाजे तारीख अमुक. बदल हवा असल्यास या नंबरवर मलाच कळवा.’ कारण त्यांचेच आहे, म्हणून ते पटते. ‘अभिनंदन, आपण सर्वोत्तम गाडी निवडलीत’ हे वाक्य प्रत्येकाला जाते आणि ते तसेच वाचले जाते. दुसरा संदेश गाडी अलॉट झाल्यावर जावा. त्यात चासी नंबर, उत्पादनाचा महिना, आरटीओ नोंदणीची तारीख आणि कर्जाचे उरलेले कागद असावेत. अनिश्चिततेचा मोठा भाग इथेच संपतो.

बिघडते कुठे, हेही ठरलेले असते. दिलाशाच्या संदेशातच सीट कव्हर आणि वाढीव वॉरंटीची विक्री घुसवली की पुरावा शोधणाऱ्या माणसाला तो पुन्हा सौदा वाटतो. ‘आपण निर्णयावर समाधानी आहात ना?’ असे विचारणे म्हणजे नसलेली शंका हातात देणे. आणि तारीख पुढे गेली असेल, तर गोड शब्दांनी काही होत नाही, नवी तारीख आणि लांबण्याचे कारण सांगावेच लागते.

संदेशाचा खरेच उपयोग होतो का, हे तपासायचे तर काही महिने एकाआड एक बुकिंगला संदेश पाठवावा आणि दोन्ही गटांतली रद्द बुकिंग मोजावीत. सगळ्यांना पाठवून आकडा घसरला, तर श्रेय संदेशाचे की सणाचे, हे कळणार नाही. सोबत डिलिव्हरीनंतरच्या दोन-तीन महिन्यांतल्या तक्रारीही मोजाव्यात. रद्द होणारी बुकिंग घटली पण तक्रारी वाढल्या, तर संदेशाने रास्त शंका दाबली, असा त्याचा अर्थ. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी आहे. शंका कधीकधी बरोबर असते: हप्ता झेपणार नसतो, सेल्समनने सांगितलेले फीचर त्या व्हेरियंटमध्ये नसतेच. अशा ग्राहकाला टोकन परत देणे हेच योग्य.

परतीची मुदत लांबवली की ग्राहक शांत होतो, हा समजही तपासून घ्यायला हवा. गिल्बर्ट आणि एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या दोन प्रिंटपैकी एक ठेवायला सांगितली. नंतर बदलण्याची मुभा असलेल्यांना आपली प्रिंट कमी आवडली, ज्यांची निवड कायमची होती त्यांना जास्त. मार्ग उघडा असेल, तर मन तुलना थांबवत नाही. तरीही परतीची मुदत काढून टाकावी, असे मी म्हणणार नाही, कारण फसलेल्या माणसाला बाहेर पडायची तेवढीच वाट असते. मुदतीच्या काळात ग्राहकाची तुलना चालूच राहणार, हे विक्रेत्याने धरून चालावे आणि तिला उपयोगी पडेल ती माहिती त्याच काळात द्यावी.

फ्लॅटच्या बाबतीत ही मुदत कागदावर आहे. महारेराच्या वाटपपत्राच्या नमुन्यानुसार पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात नाही, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत किमतीच्या १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का आणि पुढे २ टक्के. ऐंशी लाखांच्या घरावर सोळाव्या दिवशीची किंमत ऐंशी हजार. त्यामुळे बिल्डरचा पहिला सविस्तर संदेश, कार्पेट एरिया, ताब्याची तारीख आणि हप्त्यांच्या वेळापत्रकासह, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला पाहिजे. तो आला नाही, तर दहाव्या दिवसाच्या आत ग्राहकाने स्वतः ईमेल करून हे सगळे लेखी मागावे, म्हणजे उत्तर वाचून ठरवायला पाच दिवस हातात उरतात.